एलओएसचा लाल दिवा: तक्रार नोंदवण्याआधी घरात काय काय बघून ठेवायचं

एलओएस म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’, फायबर इंटरनेटच्या बॉक्सवरचा, प्रकाश पोचत नसल्याचं सांगणारा दिवा. या यादीतली पहिली गोष्ट नेट बंद पडायच्या आधीच करायची असते. सगळं सुरळीत चालू असताना फायबरच्या बॉक्सचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. कुठला दिवा हिरवा, कुठला बंद, कुठला लुकलुकतोय हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. बॉक्सच्या पाठीमागचं किंवा तळाचं स्टिकरही टिपून घ्या. त्यावर बॉक्सच्या सेटिंगचं आतलं पान ब्राउझरमध्ये उघडायचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि सिरियल नंबर असतो. ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाईल नंबर कागदावर लिहून तो कागद बॉक्सजवळच चिकटवा. नेट गेल्यावर जुन्या ईमेलमध्ये ग्राहक क्रमांक शोधत बसण्याइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही.

दिवा लाल झाला की आधी तो कुठला दिवा आहे ते वाचा. लालमध्येही दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्हींचे इलाज अगदी निराळे. एलओएसच्या खाली लाल दिसत असेल, मग तो लुकलुकणारा असो वा स्थिर, तर बॉक्सपर्यंत प्रकाशच पोचत नाहीये किंवा फार क्षीण पोचतोय. एलओएस बंद आहे, पॉनचा, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी जोडणी झाल्याचा, दिवा स्थिर हिरवा आहे आणि इंटरनेटचा दिवा तेवढा लाल आहे, असं असेल तर फायबर, म्हणजे प्रकाश आणणारी काच, ठणठणीत आहे. तिथे रिचार्ज संपलेलं असतं, बिल थकलेलं असतं किंवा लॉगिनची गडबड असते. त्यासाठी कपाटं सरकवू नका, बिल बघा. तिसरी स्थिती म्हणजे एलओएस बंद आणि पॉन लुकलुकतोय. प्रकाश येतोय, पण कंपनीच्या यंत्राशी ओळखपाळख अजून पुरी झालेली नाही. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज परत आली की काही मिनिटं असंच दिसतं, तेवढं थांबावं. आणि सगळेच दिवे विझलेले असतील तर आधी अडॅप्टर आणि प्लग तपासायचा, फायबर नव्हे.

इथून पुढचं सगळं एलओएसच्या लाल दिव्याबद्दल आहे.

बॉक्स एकदा बंद करून चालू करायला हरकत नाही, पण एकदाच. आणि पाठीमागच्या भोकातलं रिसेटचं बटण टाचणीने दाबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः हौशी भाच्यांना, बजावून ठेवा. त्या बटणाने कंपनीने आत भरलेली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते. मग केबल सरळ होऊनही नेट येत नाही आणि एका बिघाडाचे दोन होतात. प्रकाशच येत नसेल तर कुठलीही सेटिंग बदलून तो येणार नाही.

मग शेजारी विचारा. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेलं दुसरं घर आपल्या विंगमध्ये कुठलं, हे आधीपासून माहीत असलेलं बरं. कंपनीकडून येणारी एक काच वाटेतल्या स्प्लिटरमध्ये बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. त्यामुळे शेजारच्यांचाही दिवा लाल असेल तर दोष तुमच्या दिवाणखान्यात नाही. खोदलेला रस्ता, पावसात पडलेली फांदी, गच्चीवरून ओढलेल्या केबलवर कोणी टाकलेला पत्रा, असं काहीही असू शकतं. अशा वेळी ‘अख्ख्या विंगचं बंद आहे’ एवढं तक्रारीत सांगा आणि घरातली शोधाशोध थांबवा. शेजारी चालू असेल तर मात्र हातात टॉर्च घ्या.

फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे केबलला हात लावायला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दोन गोष्टींना. एक म्हणजे ओढाताण. दुसरी म्हणजे निघालेल्या टोकात डोळा घालून बघणं. आतला प्रकाश अवरक्त असतो, घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. डोळ्यांना तो दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही नाही, तेव्हा बघून कळणार तर काहीच नाही.

केबल बॉक्सपासून सुरू करून उलट्या दिशेने तपासायची. बॉक्समध्ये शिरणारी बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी वायर म्हणजे पॅचकॉर्ड. ती भिंतीवरच्या छोट्या डबीपर्यंत जाते आणि तिथून पुढे बाहेरून आलेली जाड केबल सुरू होते. काही घरांत मधली डबी नसते आणि बाहेरची केबलच थेट बॉक्सला लावलेली असते. दोन बोटांत हलकेच धरून तिच्यावरून हात फिरवत जायचं, कुठेही न खेचता. थांबायच्या जागा ठरलेल्या असतात: बॉक्सच्या मागे जिथे केबल भिंतीला टेकून काटकोनात वळते, टेबलाचा पाय, कपाटाची मागची बाजू, दाराची चौकट, खिडकीची सरकती काच, आणि खिळा मारून किंवा झिपटायने आवळलेली प्रत्येक जागा.

वाक किती चालतो? साध्या फायबरला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसतं, म्हणजे वेटोळं ६ सेंटिमीटर रुंद. घरगुती वापरासाठी वाक सोसणारी काचही येते. तिच्या एका प्रकाराची मर्यादा १० मिलिमीटर आहे, दुसऱ्याची साडेसात. पण तुमच्या घरात कुठली बसवली आहे हे बाहेरून बघून कळणं अवघड, म्हणून सरळ ठरवून टाका की आमटीच्या वाटीपेक्षा लहान वेटोळं ठेवायचं नाही. काच न तुटता नुसती जास्त वाकली तरी प्रकाश त्या वळणावर बाहेर गळतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो, म्हणून वाकलेल्या जागी घराकडे येणाऱ्या प्रकाशाला आधी फटका बसतो.

कर्वेनगरला माझ्या मावशीकडे गणपतीच्या आदल्या दिवशी हेच झालं. मखरासाठी टीव्हीखालचं टेबल भिंतीला सरकवलं आणि तासाभराने एलओएस लाल. मावशीचं म्हणणं, ‘‘अरे, कंपनीला आत्ताच बरं सुचलं!’’ समोरच्या काकांकडे त्याच कंपनीचं नेट व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे शोध घरातच घ्यायचा होता. टेबलाचा मागचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये पॅचकॉर्ड चेपलेली निघाली. टेबल वीतभर पुढे घेतलं, केबल मोकळी केली, लाल दिवा विझला, पॉन लुकलुकून स्थिर झाला. बहुतेक जण इथे हात झटकतात. मी बॉक्सचं आतलं पान उघडलं. तिच्या बॉक्सचा पत्ता 192.168.1.1 होता, तुमच्या स्टिकरवर वेगळा असू शकेल. Optical Information या पानावर RX Power, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, यासमोर आकडा होता उणे २६.४ डीबीएम.

हा आकडा वाचता आला की अर्धी लढाई संपते. तो उणे असतो आणि शून्यापासून जितका दूर तितका प्रकाश कमी. घरात सर्रास दिसणाऱ्या बॉक्सची ऐकू येण्याची हद्द उणे २७ च्या आसपास संपते. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहावं. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मावशीचा दिवा हिरवा झाला होता खरा, पण हद्दीपासून अर्ध्या पावलावर. कोणी दार जोरात आपटलं असतं तरी पुन्हा लाल. म्हणून केबल पुढे तपासत गेलो, तर दाराच्या चौकटीशी एक झिपटाय इतका आवळलेला, की केबल त्याखाली चपटी झालेली. नेलकटरने फक्त टाय कापला, केबलपासून दूरच्या बाजूने. पान पुन्हा उघडलं तेव्हा आकडा उणे २०.८ होता. साडेपाच डेसिबलहून जास्त फरक, म्हणजे आधीच्या सुमारे पावणेचारपट प्रकाश. तो आकडा तिने कॅलेंडरवर लिहून ठेवला. तुम्हीही चालू असतानाचा आकडा लिहून ठेवा, कारण तुलनेला काही नसेल तर बिघाडाच्या दिवशीच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. एलओएस पूर्ण लाल असताना त्या जागी बहुधा आकडाच नसतो, नुसत्या रेघा दिसतात.

वाक सरळ करूनही दिवा लालच राहिला तर काच आत मोडलेली असू शकते. वरचं आवरण अखंड दिसतं, पण एका जागी केबल मऊ लागते किंवा घडी पडल्याची पांढरट खूण दिसते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काही होत नाही. फक्त पॅचकॉर्ड मोडली असेल तर ती बदलून मिळते, दहा मिनिटांचं काम. बाहेरून आलेली केबल मोडली तर जोड द्यावा लागतो, ते तंत्रज्ञच करतो.

एक शेवटची जागा उरते, बॉक्सच्या तोंडाचा कनेक्टर. बहुतेक घरांत तो हिरवा असतो. त्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, म्हणून त्यात निळा कनेक्टर बसवायचा नाही, बसल्यासारखा वाटला तरी. बॉक्स बंद करून कनेक्टरचं अंग धरून, वायर न ओढता, तो बाहेर काढा आणि खाच जुळवून ‘टक’ आवाज येईपर्यंत परत दाबा. अर्धवट बसलेला कनेक्टर हे लाल दिव्याचं नेहमीचं कारण आहे, झाडूपोछाच्या धक्क्याने तो सैल होतो. मधल्या टोकाला बोट लावू नका, शर्टाला पुसू नका, फुंकरही मारू नका. आतली प्रकाश वाहणारी काच ९ मायक्रॉनच्या आसपास रुंद असते, तिच्यावर बोटाचं तेल बसलं की नवीन अडथळा तयार. जिन्यातली किंवा डक्टमधली स्प्लिटरची पेटी तर उघडायचीच नाही. तिथे एक वायर हलली की आणखी चार घरांचे दिवे लाल.

एवढं करूनही लालच असेल तर मोबाईल डेटा चालू करून तक्रार नोंदवा आणि नेमकं बोला: ‘एलओएस लाल लुकलुकतोय, पॉन बंद आहे, शेजारी त्याच कंपनीचं चालू आहे, बॉक्स एकदा रिस्टार्ट केला, कनेक्टर परत बसवला, घरातल्या केबलला वाक नाही, चालू असताना पॉवर उणे २१ होती.’ नेहमीचं ‘बंद करून चालू करा’ त्यामुळे टळतं आणि तक्रार थेट लाईनवाल्याकडे जाते. दिव्याचा पाच सेकंदांचा व्हिडिओही काढून ठेवा. फोटोत लुकलुकणं दिसत नाही आणि माणूस येईपर्यंत दिवा कधी आपोआप हिरवाही होतो.

लाईनवाला यायच्या आधी भिंतीवरच्या डबीपर्यंतची वाट मोकळी करा, सोसायटीच्या गेटवर नाव सांगून ठेवा, गच्चीची आणि डक्टची किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेवा. अर्धा वेळ वॉचमन शोधण्यात जातो. लाईनवाला लाल लेझर मारून तुटलेली जागा शोधेल, मोडलेल्या ठिकाणी केबलमधून लाल उजेड झिरपताना दिसतो. काम संपल्यावर ‘पॉवर किती येतोय?’ हे त्याला मीटर लावून दाखवायला सांगा आणि आकडा कॅलेंडरवर टिपा. उणे २५ च्या पुढे सांगत असेल तर सही करू नका, कनेक्टर पुन्हा साफ करून किंवा जोड नव्याने मारून मागा. आणि उरलेली केबल बॉक्समागे कोंबण्याऐवजी मोठ्या वेटोळ्यात, सैल टाय लावून भिंतीवर टांगून घ्या.