गाडी उशिरा धावत असल्याची हिंदी उद्घोषणा मराठीत कशी आणावी

सरावासाठी मनमाड स्थानकावरची ही हिंदी उद्घोषणा घेऊ. उशिराचे आकडे आणि फलाट नमुन्यादाखल आहेत.

«यात्रीगण कृपया ध्यान दें। गाड़ी संख्या एक दो एक चार शून्य, नागपुर से चलकर भुसावल, मनमाड, नासिक रोड के रास्ते छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस को जाने वाली सेवाग्राम एक्सप्रेस अपने निर्धारित समय से एक घंटा चालीस मिनट की देरी से चल रही है। इसके प्लेटफॉर्म क्रमांक तीन पर आठ बजकर दस मिनट पर आने की संभावना है। यात्रियों से निवेदन है कि पैदल पुल का उपयोग करें। यात्रियों को हो रही असुविधा के लिए हमें खेद है।»

१. आधी फसवे शब्द काढा

लिपी एकच असल्यामुळे हिंदी शब्द मराठीत तसेच्या तसे खपतात आणि अर्थ मात्र बदलतो. घंटा मराठीत देवळात वाजते. इथे तास हवा. संभावना म्हणजे मराठीत आदरसत्कार, तोही बहुतेक वेळा उपरोधाने केलेला, म्हणून शक्यता लिहा. यात्री लिहिले की पंढरीचा वारकरी डोळ्यांपुढे येतो. गाडीत बसतो तो प्रवासी. ‘से चलकर’चे ‘चालून’ करू नका. चालून येतो तो शत्रू. गाडी नागपूरहून येते. आणि ती उशिराने ‘चालत’ नाही, ‘धावत’ असते.

‘अपने’चे ‘आपल्या’ करायचा मोह टाळा. मराठीत ‘आपल्या’चा अर्थ गाडीच्या, तुमच्या आणि आपणा सगळ्यांच्या असा तिन्ही प्रकारे लागतो. कान अर्थ लावत बसतो, तोवर वेळ सांगून झालेली असते. नुसते ‘नियोजित वेळेपेक्षा’ पुरते.

२. नावे मराठी करा

नागपूर, भुसावळ, नाशिक रोड, छत्रपती. झाले.

३. आदर क्रियापदात बसवा

खरी अडचण इथे आहे. हिंदीत ‘दें’, ‘करें’, ‘रखें’ असा एकच साचा सगळीकडे चालतो. समोर कोण आहे आणि काय करायचे आहे, याने क्रियापदाला फरक पडत नाही. मराठीत जाहीर विनंतीचे रूप ‘-आवे’चे, आणि ते दोन अटी घालते. ज्याला विनंती करायची त्याला ‘नी’ लागला पाहिजे, आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलले पाहिजे. प्रवाशांनी लक्ष द्यावे, पुलाचा वापर करावा, चौकशी करावी, तिकिटे जवळ ठेवावीत. हिंदीतला एक ‘करें’ मराठीत कधी ‘करावा’, कधी ‘करावी’, तर कधी ‘करावे’ होतो. हे ठरवायला कर्माचे लिंग आणि वचन पाहण्यावाचून गत्यंतर नाही. नकारात मात्र फक्त वचन पाहावे लागते: रूळ ओलांडू नयेत, पण दार उघडू नये.

चुका साधारण तीन जातींच्या असतात. ‘प्रवासी कृपया लक्ष द्यावे’ यात ‘नी’ गळाला आहे, त्यामुळे कोणी कोणाकडे लक्ष द्यावे ते कळत नाही. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या’ हे अर्धे एका साच्यातले, अर्धे दुसऱ्या. ‘द्या’ वापरायचेच असेल तर ‘प्रवाशांनो, कृपया लक्ष द्या’ म्हणा. ते शुद्ध आहे आणि उद्धटही नाही, फक्त त्यात समोरासमोर बोलल्याची जवळीक येते. उशिराची बातमी देताना थोडे अंतर बरे, म्हणून ‘द्यावे’च ठेवा. तिसरी चूक कार्यालयीन हौसेची: ‘लक्ष दिले जावे’. यात आदर वाढत नाही, फक्त माणूस नाहीसा होतो.

एक सोपी कसोटी आहे. वाक्यातून ‘कृपया’ काढून पाहा. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ तरीही सभ्य राहते. ‘कृपया’ काढल्यावर वाक्य दरडावल्यासारखे वाटले, तर आदर क्रियापदात नव्हता. तो त्या एका शब्दाच्या आधारावर उभा होता.

आता ‘यात्रियों से निवेदन है’. ‘से’ दिसला की हात ‘कडून’कडे जातो आणि ‘प्रवाशांकडून विनंती आहे’ असे लिहिले जाते. म्हणजे प्रवासीच रेल्वेला विनंती करत आहेत! उशिरा धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते खरेही असेल, पण उद्घोषणेत ते सांगायचे नसते. ‘प्रवाशांना विनंती आहे की त्यांनी पादचारी पुलाचा वापर करावा’ हे बरोबर. त्याहून बरे म्हणजे विनंती शब्द गाळून ‘प्रवाशांनी पादचारी पुलाचा वापर करावा’. ‘-आवे’मध्ये विनंती आहेच.

४. दिलगिरी

‘असुविधा के लिए’चे ‘असुविधेसाठी’ किंवा ‘गैरसोयीसाठी’ सर्रास ऐकू येते. मराठीत ‘साठी’ हेतू सांगतो. गैरसोयीसाठी म्हणजे गैरसोय व्हावी म्हणून. इथे ‘बद्दल’ लागतो. ‘खेद आहे’ चुकीचे नाही, पण तो दुरून व्यक्त केलेला खेद वाटतो. चूक आपल्याकडे घेणारा शब्द ‘दिलगीर’. ‘क्षमस्व’ पाटीवर शोभतो, कर्ण्यावर नाही.

गाडी अजून यायची असेल तर ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल’. गाडी फलाटाला लागल्यावरच्या उद्घोषणेत ‘झालेल्या’. हा बदल विसरला जातो.

५. तुकडे जोडून वाजणार असेल तर

ध्वनिमुद्रित तुकडे जुळवून उद्घोषणा तयार होते तिथे हिंदीची पद्धत मराठीला लावू नका. हिंदीत ‘से’ सुटा असतो, म्हणून कोणत्याही गावापुढे जोडता येतो. मराठीत गावाचे रूपच बदलते: पुण्याहून, वर्ध्याहून, अकोल्याहून. ‘पुणे’ आणि ‘हून’ असे दोन तुकडे जोडले की ‘पुणेहून’ ऐकू येते. प्रत्येक गाव दोन-तीन रूपांत मुद्रित करता येत असेल तर उत्तम. नसेल तर ‘येथून’ वापरा: पुणे येथून, वर्धा येथून. गावाला हात लागत नाही आणि भाषाही औपचारिकच राहते. फलाटाचे आकडे मात्र ‘तीनवर’, ‘चारवर’ असे प्रत्ययासह एका दमात मुद्रित करा.

वेळेसाठीही दोन साचे लागतात. पूर्ण तास असेल तर ‘आठ वाजता’, मिनिटे असतील तर ‘आठ वाजून दहा मिनिटांनी’. ‘आठ दहा वाजता’ म्हटले की ऐकणाऱ्याला आठ ते दहाच्या दरम्यान असे वाटते.

तयार मजकूर असा:

«प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी क्रमांक एक दोन एक चार शून्य, नागपूरहून भुसावळ, मनमाड, नाशिक रोड मार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी सेवाग्राम एक्सप्रेस नियोजित वेळेपेक्षा एक तास चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे. ही गाडी फलाट क्रमांक तीनवर आठ वाजून दहा मिनिटांनी येण्याची शक्यता आहे. प्रवाशांनी पादचारी पुलाचा वापर करावा. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.»

मुद्रणाआधी एकदा मोठ्याने वाचा. गाडीचे लांबलचक वाक्य एका श्वासात बसत नाही. श्वास ‘एक्सप्रेस’नंतर घ्या, ‘जाणारी’नंतर नको, तिथे थांबलात तर गाडीचे नाव तिच्या विशेषणापासून तुटते.