किशोरवयीन मुलं आणि खोटी माहिती: प्रबंधाचा विषय ठरवताना या चुका टाळा

‘किशोरवयीन मुलांमधील डिजिटल साक्षरता व चुकीची माहिती: एक अभ्यास’ अशा शीर्षकाचा आराखडा मार्गदर्शक परत पाठवतात, ते योग्यच आहे. नेमकं काय मोजणार, हे त्यात कुठेच नसतं.

मग घाईघाईने प्रश्नावली तयार होते: ‘तुम्ही मेसेज पुढे पाठवण्याआधी खात्री करता का?’ बहुतेक मुलं ‘हो’ वरच खूण करतात. शाळेत वाटलेल्या कागदावर दुसरं काय लिहिणार? हाती येतं ते मुलांचं स्वतःबद्दलचं मत, कौशल्य नव्हे. त्यापेक्षा नववीच्या मुलांना अनोळखी संकेतस्थळ उघडून द्या आणि काय करतात ते पाहा. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांना दिसलं, की व्यावसायिक तथ्य-तपासनीस त्या पानावर रेंगाळत नाहीत. नवी टॅब उघडून इतर लोक त्या संकेतस्थळाबद्दल काय म्हणतात ते शोधतात. ही सवय मराठी माध्यमाच्या वर्गात चार तासिकांत किती रुजते, हा मोजता येणारा विषय आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र चाचणीत असते. बरेच जण चाचणीत सगळे मेसेज खोटेच ठेवतात. समजा, तुम्ही दहा खरे आणि दहा खोटे मेसेज दिले. प्रशिक्षणाआधी मुलगी आठ खरे आणि पाच खोटे मेसेज ‘खरे’ म्हणते. नंतर पाच खरे आणि तीन खोटे. फक्त खोट्यांकडे पाहिलं तर फसवणूक पाचावरून तिनावर आली, प्रशिक्षण यशस्वी! पण दोन्ही आकड्यांतला फरक, म्हणजे पारख, तीनवरून दोनवर घसरली आहे. ती मुलगी आता सगळ्यावरच अविश्वास दाखवते, खऱ्या बातमीवरही. म्हणून खरे-खोटे निम्मे निम्मे ठेवा आणि पूर्व व उत्तर चाचणीत मेसेज वेगळे, पण सारख्याच काठिण्याचे घ्या. शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या. तासिका संपताच घेतलेल्या गुणांवरून सवय लागली की नाही हे कळत नाही.

‘व्हॉट्सॲपवर मुलं किती अफवा पसरवतात’ हा विषय मी तरी कुणाला सुचवणार नाही. तिथले खासगी संदेश एन्क्रिप्टेड असतात, बाहेरून मोजता येत नाहीत, आणि मुलांचे फोन मागणं तर नकोच. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या.

चाचणीसाठी मेसेज निवडताना मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा वगळा. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. बाकीचे खोटे मेसेजही मुलं वर्गाबाहेर पडण्याआधी एकेक करून उलगडून सांगा आणि कागद मोजून परत घ्या. नियंत्रण गटाच्या वर्गालाही, म्हणजे ज्यांना प्रशिक्षण दिलेलं नाही त्यांनाही, हे सांगायचं असतं. मात्र पुढची चाचणी बाकी असेल तर तिच्यातले मेसेज आधी फुटू देऊ नका.