एक वर्षाची एफडी करू की दोन? यील्ड कर्व्हचे प्रश्न मला कसे सुटू लागले

रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याची तयारी करत होते तेव्हा मी तालुक्याच्या एका बँक शाखेत नोकरी करत होते. दिवसा काउंटर, रात्री सराव पेपर. फायनान्समध्ये बाकी सगळं बरं चाललं होतं, पण यील्ड कर्व्हचा, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या दरांच्या आलेखाचा, प्रश्न आला की माझा एक गुण जायचा आणि वर पाव कापला जायचा.

माझ्याकडे क्लासच्या नोट्समधला चार ओळींचा तक्ता होता. कर्व्ह वर चढता असेल तर दर वाढणार, सपाट असेल तर बदल नाही, उतरता असेल तर मंदी, मध्ये फुगवटा असेल तर संक्रमण. तक्ता तोंडपाठ होता आणि सोपे प्रश्न त्यावर निघायचेही. पण आकडे दिले, किंवा ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य’ असं विचारलं, की मी दोन पर्यायांच्या मध्ये अडकायचे. शेवटचा शब्द ‘संक्रमण’ म्हणजे नेमकं काय, हे मला माहीतच नव्हतं.

गाठ सुटली ती काउंटरवर. एसटीतून निवृत्त झालेले एक काका लाखाचा चेक घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, एक वर्षाची करू की दोन? दोनला व्याज जास्त देताय, पण पुढच्या वर्षी दर वाढले तर माझे पैसे अडकलेले राहणार.” मी नेहमीचं उत्तर दिलं, की ते तुमच्यावर आहे. त्यावर काका म्हणाले, “ते ठीक. पण किती वाढले तर माझं नुकसान, ते तरी सांगा.”

हा प्रश्न म्हणजेच अख्खी एक्स्पेक्टेशन्स थिअरी. शाखेतले खरे दर बाजूला ठेवून गोल आकडे घेते आणि व्याज वर्षातून एकदाच धरते. एक वर्षाला 6 टक्के, दोन वर्षांना 7 टक्के. दोन वर्षं ठेवले तर लाखाचे 1,14,490 होतात. एकच वर्ष ठेवले तर 1,06,000 हातात येतात आणि ते पुन्हा एका वर्षासाठी गुंतवायचे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचायच्या असतील तर 1,06,000 वर दुसऱ्या वर्षी 8,490 मिळायला हवेत. म्हणजे 8.01 टक्के. पुढच्या वर्षी दर त्याहून वर गेला तर काकांनी एक वर्षाची करायला हवी होती, खाली राहिला तर दोन वर्षांची.

या 8.01 ला फॉरवर्ड रेट म्हणतात. परीक्षेतलं सूत्र तेवढंच सांगतं:

(1 + s₂)² = (1 + s₁)(1 + f)

यात s₁ आणि s₂ हे एक आणि दोन वर्षांचे स्पॉट दर, म्हणजे मध्ये कूपन न देणाऱ्या रोख्याचे दर. शुद्ध एक्स्पेक्टेशन्स थिअरीचा दावा इतकाच, की f हा बाजाराला पुढच्या वर्षी अपेक्षित असलेला एक वर्षाचा दर आहे. बाजारात काकांसारखे लाखो जण हाच हिशेब करतात. एक वाट फायद्याची दिसली की सगळे तिकडे वळतात, आणि शेवटी दोन्ही वाटा सारख्या होतात.

पेपरात कॅल्क्युलेटरवर वेळ घालवू नका. दोन वर्षांचा दर दुप्पट करा आणि एक वर्षाचा वजा करा: 14 वजा 6, म्हणजे 8. पर्यायांत 6.5, 7, 8.01 आणि 13 असतील तर काम झालं. 6.5 हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. 6 आणि 7 ची सरासरी काढण्याचा मोह होतो आणि मी तो दोनदा टिकमार्क केला होता. पर्यायांत 8.00 आणि 8.01 दोन्ही दिसले तरच गुणाकार करा.

दोन वर्षांचा दर ही दोन एकेक वर्षांच्या दरांची सरासरी आहे, हे एकदा पटलं की आकारांचा तक्ता पाठ करावा लागत नाही. क्रिकेटमधली सरासरी आठवा. नवी खेळी आधीच्या सरासरीपेक्षा मोठी असेल तर सरासरी चढते, लहान असेल तर उतरते. यील्ड कर्व्हवर आपल्याला फक्त सरासरी दिसते. प्रत्येक वर्षाची ‘खेळी’ आपणच काढायची असते.

आता फुगवट्याचा कर्व्ह घ्या: एक वर्षाला 6, दोनला 7, तीनला 6.8. दुसऱ्या वर्षाची खेळी 8. तिसऱ्या वर्षाची म्हणजे तीन गुणिले 6.8, वजा दोन गुणिले 7, म्हणजे 20.4 वजा 14, म्हणजे 6.4. कागदावर कर्व्ह जेमतेम 0.2 ने वाकला आहे, पण बाजार म्हणतोय की एक वर्षाचा दर 8 वरून 6.4 वर येईल. आधी वाढ, मग घट. नोट्समधल्या ‘संक्रमण’चा अर्थ हा होता.

आता तिसरा आकडा 6.8 ऐवजी 7.2 करा. कर्व्ह 6, 7, 7.2 असा सलग चढता. मग तिसऱ्या वर्षी दर आणखी वाढणार? 21.6 वजा 14, म्हणजे 7.6. दर 8 वरून 7.6 वर येणार, म्हणजे घटणार. 7.6 ही खेळी आधीच्या 7 च्या सरासरीहून मोठी आहे म्हणून सरासरी चढली, पण आधीच्या 8 च्या खेळीहून ती लहान आहे. ‘चढता कर्व्ह म्हणजे प्रत्येक पुढच्या वर्षाचा दर आधीच्या वर्षाहून जास्त’ हे विधान त्यामुळे चूक आहे. अयोग्य विधान ओळखण्याच्या प्रश्नात ते दिसलं की मी आता मनातल्या मनात हेच तीन आकडे मांडते.

दुसरा सापळा परताव्याचा. ‘कर्व्ह चढता आहे आणि शुद्ध एक्स्पेक्टेशन्स थिअरी लागू आहे. एक वर्षासाठी पैसे गुंतवणाऱ्याला दोन वर्षांचा रोखा घेऊन वर्षाने विकला तर जास्त परतावा मिळेल का?’ मन म्हणतं हो, कारण 7 हा 6 पेक्षा मोठा. करून बघा. दोन वर्षांनी 100 रुपये देणारा कूपनविरहित रोखा आज 100 भागिले 1.1449, म्हणजे 87.34 ला मिळतो. वर्षाने त्याचं एकच वर्ष उरतं आणि दर अपेक्षेप्रमाणे 8.01 झालेला असतो, म्हणून किंमत 92.58. 87.34 चे 92.58 म्हणजे बरोबर 6 टक्के. वरचा एक टक्का वाढलेल्या दराने किमतीतून खाल्ला. या थिअरीत ठरावीक काळासाठी कोणताही रोखा धरला तरी अपेक्षित परतावा सारखाच येतो. उत्तर ‘नाही’.

इथपर्यंत सगळं ‘शुद्ध’ शब्दावर चाललं होतं. प्रश्नात लिक्विडिटी प्रीमियम आला की उत्तरं बदलतात. पैसे लांब मुदतीला अडकवायचे तर माणूस थोडं जास्त मागतो, आणि मग लांबच्या दरात अपेक्षेशिवाय हे जास्तीचंही मिसळलेलं असतं. आता सपाट कर्व्ह आला तर? शुद्ध थिअरीत उत्तर ‘दरात बदल अपेक्षित नाही’. प्रीमियम धरला तर प्रीमियम असूनही लांबचा दर वर गेला नाही, म्हणजे बाजाराला दर थोडे उतरण्याची अपेक्षा आहे. एकाच चित्राची दोन उत्तरं, दोन्ही बरोबर, आणि दोन्ही पर्यायांत हजर. थोडासा चढता कर्व्ह असेल आणि प्रीमियम किती ते दिलं नसेल, तर ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर असतं. असा पर्याय पेपर सेट करणारा उगाच घालत नाही.

प्रीमियमचा आकडा दिला असेल तर तो कशावर आहे ते आधी वाचा. समजा एक वर्षाला 6, दोनला 6.5, प्रीमियम 0.5. प्रीमियम दोन वर्षांच्या दरात असेल तर तो काढून 6 उरतात, म्हणजे पुढच्या वर्षीही दर 6 च अपेक्षित. प्रीमियम फॉरवर्डमध्ये असेल तर आधी फॉरवर्ड काढा, 13 वजा 6 म्हणजे 7, आणि त्यातून 0.5 वजा, म्हणजे 6.5. पहिल्यात दर स्थिर, दुसऱ्यात वाढणारा. माझा एक गुण इथे गेला होता आणि चूक गणिताची नव्हती, घाईने वाचण्याची होती.

‘उतरता कर्व्ह म्हणजे मंदी’ ही ओळ मी नोट्समधून खोडली ती 2013 मुळे. 15 जुलै 2013 ला घसरता रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने एमएसएफचा, म्हणजे बँकांना रात्रीपुरत्या दिलेल्या कर्जाचा, दर 8.25 वरून 10.25 टक्क्यांवर नेला आणि बँकांना मिळणारा रोख पैसा आवळला. ऑगस्टमध्ये 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर 11 टक्क्यांच्या वर गेला, दहा वर्षांचा रोखा मात्र त्याच्या बराच खाली होता. कर्व्ह उलटा झाला, पण बाजाराचा निरोप मंदीचा नव्हता. ही आवळणी तात्पुरती आहे, तीन महिन्यांचे दर असेच राहणार नाहीत, असं तो म्हणत होता. झालंही तसंच. सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर एमएसएफ टप्प्याटप्प्याने 8.75 वर आला, आणि त्याच काळात रेपो मात्र 7.25 वरून 7.75 झाला. थिअरी म्हणते ते एवढंच, की अल्पमुदतीचे दर उतरण्याची अपेक्षा आहे. का उतरणार, हे ती सांगत नाही. अमेरिकेत दोन आणि दहा वर्षांचा कर्व्ह जुलै 2022 पासून दोन वर्षांहून जास्त काळ उलटा राहिला आणि त्या काळात मंदी आलीच नाही. म्हणून पर्यायांत ‘दर घटण्याची अपेक्षा’ आणि ‘मंदी निश्चित’ दोन्ही असतील तर मी डोळे मिटून पहिला घेते.

थिअरी आणि माणसं यांच्या जोड्या लावायचा प्रश्न कधीमधी येतो. एक्स्पेक्टेशन्सला अर्व्हिंग फिशर, लिक्विडिटी प्रीमियमला जॉन हिक्स, मार्केट सेगमेंटेशनला कल्बर्टसन, प्रिफर्ड हॅबिटॅटला मोदिग्लियानी आणि सच. शेवटच्या दोघांत माझा गोंधळ व्हायचा. सेगमेंटेशनमध्ये माणूस आपली मुदत सोडतच नाही, हॅबिटॅटमध्ये पुरेसं जास्त दिलं तर सोडतो.

काकांना मी कागदावर 8.01 काढून दाखवलं. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला आणि दोन वर्षांचा फॉर्म मागितला. मी विचारलं, म्हणजे दर एवढे वाढणार नाहीत असं वाटतंय का? “ते मला काय ठाऊक? धाकटीचं लग्न दोन वर्षांनी काढायचंय, पैसे तेव्हाच लागणार.” म्हटलं, आणि एक वर्षाला 9 दिले असते तर? काका हसले. “मग एक वर्षाची केली असती की.” त्या रात्रीपासून हॅबिटॅट आणि सेगमेंटेशनमध्ये माझा गोंधळ झाला नाही.