पिच नाइटच्या पहिल्या दीड मिनिटात काय बोलावं

आमच्या कॉलेजच्या ई-सेलमध्ये, म्हणजे उद्योजकता मंडळात, मी दोन वर्षं पिच नाइटचं सूत्रसंचालन केलं. त्या रात्री मुलं आपापल्या धंद्याच्या आयडिया सगळ्यांसमोर मांडतात. यंदा पहिल्यांदाच माइक हातात घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितोय.

पहिल्या वर्षी मी सात मिनिटं बोललो. मोठमोठ्या उद्योजकांची नावं, गॅरेजमधून सुरू झालेल्या कंपन्या, मग परीक्षकांचा परिचय आणि गुणांची विभागणी. शेवटी विचारलं, "कोणाकडे आयडिया आहे?" हॉलमध्ये शंभरेक मुलं होती. उठले फक्त चौघे, तेही आधीच पीपीटी करून आलेले. नंतर चहाच्या टपरीवर एक ज्युनिअर म्हणाला, "दादा, माझ्याकडे होतं एक, पण ते एवढं मोठं नव्हतं." तेव्हा कळलं की मुलांना गप्प मीच केलं होतं. अब्जावधींच्या कंपनीची गोष्ट ऐकल्यावर आपल्या मनातलं अर्धवट काहीतरी बोलायला कोण उठेल? शिवाय गुणांचा तक्ता दाखवला की कच्चं बोलायची सोय उरतच नाही.

दुसऱ्या वर्षी परीक्षकांचा परिचय शेवटी ढकलला, गुण काढून टाकले आणि माइक स्टेजवरून खाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आणला. सुरुवात अशी केली:

"नमस्कार. रविवारी रात्री मेस बंद असते. गेल्या सोमवारी मी मेसच्या दाराशी अकरा जणांना विचारलं, काल रात्री काय खाल्लंत? सात जण म्हणाले, मॅगी. दोघं उपाशी झोपले होते. मला वाटतं, कॉलेजमागच्या वस्तीतल्या काकूंनी फक्त रविवारी डबे दिले तर चालेल. पण एक काकू किती डबे करू शकतील, मला माहीत नाही. साठ रुपये परवडतील का, तेही माहीत नाही. परीक्षेच्या सुट्टीत काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझी आयडिया आज एवढीच आहे आणि मला ती अशीच तुमच्यासमोर ठेवायची आहे. आता खुर्चीवरची चिठ्ठी घ्या. गेल्या आठवड्यात कुणाला, कुठे, काय अडलं आणि त्यांनी ते कसंबसं कसं निभावलं, एवढंच लिहा. उपाय सुचला नसेल तरी चालेल. दोन मिनिटं आहेत."

हे सगळं दीड मिनिटात बसतं. यातली "माहीत नाही"ची तीन वाक्यं कृपा करून गाळू नका, सगळा भार त्यांच्यावर आहे. बोलणाऱ्यानेच आधी आपली भोकं दाखवली की समोरच्याची भीती मोडते. मात्र ही उदाहरणं खरी हवीत. मी खरंच मेसच्या दाराशी उभा राहिलो होतो. बनवलेलं उदाहरण असेल तर पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडखळता, आणि मुलांना ते लगेच कळतं.

चिठ्ठीत "निभावलं कसं" हे मुद्दाम विचारलंय. लोक एखाद्या अडचणीवर आज काहीच करत नसतील, तर बहुतेक वेळा ती तेवढी टोचत नसते. वेळ किंवा पैसा घालून जुगाड करत असतील, तर तिथे पुढे खोदण्यासारखं आहे.

एक प्रश्न दरवर्षी येतो: "आयडिया कुणी चोरली तर?" तो टाळू नका, सुरुवातीलाच प्रामाणिकपणे बोला. नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. पण कुणी खरोखर नवी रचना किंवा प्रक्रिया शोधली असेल आणि अर्जाआधीच ती चारचौघांत उघड केली, तर पुढे पेटंट मिळणं अवघड होऊ शकतं. म्हणून मी सांगतो, "अडचण मोकळेपणाने सांगा, यंत्र आतून कसं चालतं ते आज सांगू नका." तसं काही असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

दोन मिनिटं संपल्यावर शांतता पसरते. ती भरून काढायला घाई करू नका. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. सोळा-सतराला मागच्या रांगेतली सेकंड इयरची एक मुलगी उठली. चिठ्ठी दोन्ही हातांत घट्ट धरून तिने वाचलं, "आमचं तासगावकडे बेदाण्याचं शेड आहे. रात्री अवकाळी पाऊस आला की बाबा बॅटरी घेऊन पळतात आणि चारही बाजूंचे पडदे एकेक करून सोडतात. शेवटच्या बाजूला पोचेपर्यंत तिकडचा माल भिजलेला असतो. एकाच जागेवरून चारही दोऱ्या सुटतील असं काही करता येईल का, मला माहीत नाही."

मेकॅनिकलचे दोघे तिथेच उठले आणि विचारू लागले, शेडची लांबी किती, पडद्याचं वजन किती. तिने बाबांना फोन लावला.