व्हेंटिलेटर म्हणजे उशी की कुऱ्हाड? जैवनीतीच्या अभ्यासातला माझा पहिला निबंध

जैवनीतीच्या कोर्समध्ये ‘आयुष्याच्या अखेरचे निर्णय आणि धर्म’ हा भाग सुरू झाला, तेव्हा पहिल्या निबंधात मी एक तक्ता काढला होता. डावीकडे धर्म, उजवीकडे ‘इच्छामरणाला मान्यता आहे / नाही’. मॅडमनी तो परत दिला तेव्हा ‘इच्छामरण’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे लाल गोल होता. खाली एकच ओळ होती: ‘हा शब्द न वापरता पुन्हा लिही.’

तेव्हा राग आला. लिहायला बसल्यावर कळलं की आपण मराठीत या एका शब्दात किती गोष्टी कोंबतो. भीष्माला मिळालेला वर इच्छामरण, डॉक्टरांनी प्राणघातक इंजेक्शन देणं इच्छामरण, आणि मशीन काढणं तेही इच्छामरणच. धार्मिक परंपरा नेमक्या या तिन्हींमध्ये फरक करतात. इंजेक्शनला कॅथलिक, यहुदी आणि इस्लामी परंपरा ठाम नकार देतात, त्यामुळे तिथे तुलना करण्यासारखं फारसं काही उरत नाही. खरा अभ्यास मशीनपाशी सुरू होतो.

आम्हाला दिलेली केस अशी होती. ७१ वर्षांचे गृहस्थ, फुप्फुसात पसरलेला कर्करोग. रात्री अचानक श्वास अडकला, तातडीच्या विभागात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि म्हणाली, ‘बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, मशीन नको.’ डॉक्टरांच्या मते हाती काही आठवडे आहेत. रुग्ण अधूनमधून शुद्धीवर येतो. आता मशीन काढायचं का?

पाठ्यपुस्तकातली आधुनिक जैवनीती सांगते की उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यांत नैतिक फरक नाही. मला हे इतकं उघड वाटलं होतं की दुसरी बाजू असेल असं मनातही आलं नाही. ती बाजू यहुदी धर्मशास्त्रात सापडली.

सोळाव्या शतकात क्राकोमधले रब्बी मोशे इसर्लेस यांनी ‘शुल्हान आरुख’ या संहितेवर टिपणं लिहिली. त्यांत मरणासन्न माणसाबद्दल एक विलक्षण नोंद आहे. त्याच्या डोक्याखालची उशी काढायची नाही, म्हणजे प्राण लवकर जावा म्हणून त्याला हलवायचं नाही. पण घराजवळ कुणी लाकडं फोडत असेल आणि त्या आवाजाने प्राण अडकून राहिला असेल, तर तो आवाज थांबवायला हरकत नाही. जिभेवर मीठ ठेवलं असेल तर तेही काढता येतं. कारण हे मारणं नव्हे, नुसता अडथळा दूर करणं आहे.

आम्ही यावर दोन तास भांडलो. व्हेंटिलेटर उशी आहे की कुऱ्हाडीचा आवाज? वर्गातला एकजण म्हणाला, ‘आवाज बाहेरचा आहे, मशीनही बाहेरचंच.’ दुसरीने विचारलं, ‘मग नळी घशातून ओढून काढताना रुग्णाला हात लागत नाही का?’ मला आजही दुसरीचं म्हणणं जास्त जड वाटतं.

रब्बींचंही एकमत नाही. विसाव्या शतकातले मोशे फाइनस्टाइन यांनी एक बारीक फट दाखवली. ऑक्सिजनची टाकी संपल्यावर बदलताना मशीन आपोआप थांबतं. तेवढ्यात रुग्णाकडे नीट पाहायचं. श्वासाची काहीच खूण नसेल तर ते पुन्हा जोडायची गरज नाही. पुढे इस्रायलच्या २००५ च्या मरणासन्न रुग्ण कायद्यात हीच विचारपद्धती दिसते. सतत चालणारा उपचार मधेच तोडता येत नाही, पण डायलिसिससारखा फेऱ्याफेऱ्यांनी होणारा उपचार पुढच्या वेळी न करणं चालतं. म्हणून व्हेंटिलेटरला टायमर जोडण्याची तरतूद केली गेली: ठरलेली वेळ संपली की मशीन थांबतं आणि ते पुन्हा चालू करायचं का हा नवा निर्णय ठरतो. वर्गात काहीजण हसले. मीही हसलो होतो. पण आपण जीव घेतोय की नुसतं थांबतोय, हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याच्यासाठी हा टायमर पळवाट नाही.

आता तीच केस कॅथलिक परंपरेपुढे ठेवली की प्रश्नच बदलतो. तिथे ‘काढलं की लावलंच नाही’ याला फार वजन नाही. वजन आहे ओझ्याला. उपचाराचा त्रास आणि त्यातून मिळणारा लाभ यांचा मेळ बसतो का? सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी लिहिलं होतं की ज्या आजाऱ्याला घास गिळणं म्हणजे यातनाच वाटते, त्याने खाल्लं नाही तर ते पाप नव्हे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांशी बोलताना हाच धागा व्हेंटिलेटरपर्यंत घेऊन गेले: असाधारण, म्हणजे लाभाच्या मानाने ओझं फार असलेले, उपाय चालू ठेवण्याचं बंधन नाही. म्हणजे आमच्या रुग्णाचं मशीन काढता येईल. मात्र नळीने अन्नपाणी देण्याबद्दल २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णांच्या संदर्भात, ते तत्त्वतः साधारण, म्हणून बंधनकारक, उपाय असल्याचं सांगितलं. त्यामुळे ‘कॅथलिक लोक मशीन काढू देतात’ एवढंच लिहून सोडलं, तर पुढच्याच केसमध्ये चूक होते.

तिसरा भाग मी सल्लेखनेवर, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याच्या जैन व्रतावर, लिहिला आणि इथेच सर्वांत मोठी घसरण झाली. मी लिहिलं, ‘जैन परंपरेत मरण निवडता येतं, म्हणून मशीन काढायला अनुकूल.’ मॅडमनी दोन ग्रंथ वाचायला पाठवलं. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सल्लेखनेचे प्रसंग दिले आहेत: उपसर्ग म्हणजे ओढवलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि इलाज नसलेला आजार. आमचा रुग्ण शेवटच्यात बसतो. पण ‘तत्त्वार्थसूत्रा’त या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत. त्यांतला पहिला अजून जगण्याची इच्छा आणि दुसरा लवकर मरण्याची इच्छा. मुलीने सांगितलेलं ‘मशीन नको’ हे नेमकं कशातून आलं होतं? कंटाळ्यातून, भीतीतून, की शांतपणे देह सोडण्यातून? शिवाय व्रत ज्याचं त्याने शुद्धीत घ्यायचं असतं. मुलगी त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. यहुदी आणि जैन परंपरांच्या नजरा वेगळीकडे आहेत: यहुदी चर्चा कृतीकडे पाहते, जैन चर्चा मनाकडे. माझ्या तक्त्यात मनासाठी रकानाच नव्हता.

वेदनेबद्दलही मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘धर्म वेदनेला पवित्र मानतो.’ तेही कापलं गेलं. बारावे पायस यांनीच वेदनाशामकांना परवानगी दिली होती, आयुष्य थोडं घटलं तरी, जर हेतू वेदना कमी करण्याचाच असेल तर. मात्र गंभीर कारणाशिवाय रुग्णाची शुद्ध हिरावून घेऊ नये, असंही ते म्हणाले. सल्लेखनेतही शेवटपर्यंत जागृत राहण्याला मोल आहे. एरवी इतक्या लांबच्या या दोन परंपरा या ठिकाणी शेजारी येऊन बसतात. गुंगीचं औषध किती द्यायचं, हा नुसता डोसचा प्रश्न उरत नाही.

‘प्रतिष्ठा’ हा शब्दही जपून वापरा. एकाच्या तोंडी तो ‘माझा निर्णय माझा’ असा येतो, दुसऱ्याच्या तोंडी ‘माणूस कसाही पडला असला तरी त्याची किंमत कमी होत नाही’ असा. प्रत्येक वेळी कुणाचा अर्थ घेतोय ते लिहायचं, एवढंच मी पाळतो.

सरावासाठी कुटुंबाशी बोलण्याचा प्रयोग झाला, त्यात मी मुलीच्या भूमिकेतल्या सहकारिणीला पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमचा धर्म यावर काय सांगतो?’ ती गप्प झाली. नंतर म्हणाली, ‘माझी परीक्षा घेतल्यासारखं वाटलं.’ दुसऱ्या फेरीत विचारलं, ‘यातलं काय केलं तर तुम्हाला पुढे डाचत राहील?’ तिने लगेच सांगितलं, ‘नळी माझ्यासमोर ओढून काढली तर.’ उशी आणि कुऱ्हाड पुन्हा समोर आली, एकही ग्रंथ न उघडता.

निबंध तिसऱ्यांदा दिला तेव्हा लाल गोल नव्हते. शेवटच्या पानावर पेन्सिलीने नवी केस लिहिलेली होती: मरणासन्न रुग्ण, छातीत त्वचेखाली बसवलेला पेसमेकर. आता हा बाहेरचा आहे का?