गर्ता, भूकंप, ज्वालामुखी: नकाशा वाचताना या चुका टाळा

भूशास्त्राची प्रात्यक्षिकं घेताना दरवर्षी मी विद्यार्थ्यांना एकच काम देते. ईशान्य जपानचा आडवा छेद काढा आणि गर्ता, भूकंप व ज्वालामुखी त्यात कुठे बसतात ते दाखवा. या एका छेदात प्लेट टेक्टॉनिक्सचा बराचसा भाग समजतो. दरवर्षी चुका मात्र त्याच होतात, म्हणून त्या एकदाच सविस्तर लिहिते आहे.

खोली न बघता ठिपके मांडणं

बहुतेक जण जगाच्या नकाशावर भूकंपांचे ठिपके टाकतात, जपानभोवती गर्दी दिसली की "इथे प्लेटची सीमा आहे" असं लिहितात आणि थांबतात. पण सीमा ही नकाशावरची रेघ नसून जमिनीत तिरका उतरत जाणारा पृष्ठभाग आहे. तो फक्त खोलीच्या आकड्यांतूनच दिसतो.

छेद काढणं अवघड नाही. `earthquake.usgs.gov/earthquakes/search` या पानावर 38 ते 40 उत्तर अक्षांश आणि 130 ते 146 पूर्व रेखांश अशी चौकट घ्या. तीव्रता 4.5 आणि त्याहून जास्त, वर्षं 2000 ते 2010. 2011 मुद्दाम वगळते, कारण त्या वर्षीच्या पश्चात धक्क्यांनी बाकीचं चित्र झाकलं जातं. `CSV` उतरवून घ्या आणि `longitude` व `depth` हे दोनच रकाने वापरा. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे 86 किलोमीटरचा असतो. आडवं आणि उभं प्रमाण सारखंच ठेवा, नाहीतर खाली जाणारी प्लेट कड्यासारखी उभी दिसते.

आता पूर्वेकडून पश्चिमेकडे वाचत या. 144 अंशांच्या आसपास जपान गर्ता आहे, जवळपास 8 किलोमीटर खोल. पॅसिफिक प्लेट वर्षाला 8-9 सेंटिमीटर वेगाने पश्चिमेकडे येते आणि इथे वाकून खाली जायला लागते. गर्ता म्हणजे त्या वाकण्याची घडी. गर्तेजवळचे भूकंप उथळ आहेत. 142 च्या आसपास किनारा लागतो, तिथवर ते 50-60 किलोमीटर खोल गेलेले असतात. जपानच्या समुद्राखाली ते 300 किलोमीटरच्याही पुढे जातात आणि वायव्येला व्लादिवोस्तोकच्या बाजूला 500 च्या पलीकडे. हा उतरता पट्टा जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांनी प्लेटची कल्पना येण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. इतक्या खोलवर खडक खरं तर मऊ असायला हवा, तुटायला नको. पण ही प्लेट सुमारे 13 कोटी वर्षं जुनी आणि थंड आहे. गरम व्हायला तिला वेळ लागतो, म्हणून तितक्या खोलीवरही तिच्यात भूकंप होतात.

एका वर्षी एका हुशार मुलाने फार देखणा रंगीत छेद आणला. त्यात तिरक्या पट्ट्याशिवाय दोन अगदी सरळ आडव्या रेघा होत्या, एक 10 किलोमीटरवर आणि एक 33 वर. त्याने लिहिलं होतं की जपानखाली दोन सपाट भेगा आहेत आणि त्यांवरून वरचा थर घसरतो. दोन पानं स्पष्टीकरण, त्यासोबत बाणही. मी विचारलं, "यातल्या एका तरी भूकंपाचा मूळ आकडा उघडून बघितलास का?" नव्हता बघितला. प्रोग्रॅम चालवला, चित्र आलं, चित्रावर सिद्धांत रचला.

त्या रेघा जमिनीतल्या नव्हत्याच. जवळ भूकंप नोंदवणारी पुरेशी केंद्रं नसली की भूकंपाची खोली नीट काढता येत नाही. मग गणित करणारे ती एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवतात. पूर्वी तो आकडा बहुधा 33 असे, नंतर 10. म्हणजे `depth` मध्ये नेमके 10 किंवा 33 ढिगाने दिसले, तर त्याचा अर्थ "उथळ आहे, नक्की खोली माहीत नाही" एवढाच.

तेव्हापासून माझा नियम आहे: पहिले पन्नास भूकंप आलेख कागदावर हाताने मांडायचे, चार रंगांच्या पेन्सिली घेऊन. मुलं कुरकुरतात. पण 33 हा आकडा अकराव्यांदा लिहिताना हात आपोआप थांबतो. संगणक थांबत नाही.

"प्लेट खाली जाऊन वितळते आणि ज्वालामुखी होतो"

हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतकं पाठ झालेलं आहे की ते खोडताना मला अजूनही वाईट वाटतं. तुमच्याच छेदावर झाओ, कुरिकोमा, इवाते हे ज्वालामुखी मांडा. ते 140.5 ते 141 अंशांच्या आसपास, जवळजवळ एका ओळीत येतात. गर्तेपासून साधारण 300 किलोमीटर दूर. गर्ता आणि ही ओळ यांच्यामधल्या पट्ट्यात एकही ज्वालामुखी नाही. घर्षणाने प्लेट वितळत असती, तर जिथे दोन प्लेट घासतात तिथेच, म्हणजे किनाऱ्याच्या अलीकडे समुद्रात, ते दिसले असते.

ओळीच्या बरोबर खाली प्लेट किती खोल आहे ते मोजा. सुमारे 100 किलोमीटर. समुद्रतळाच्या खडकांतल्या खनिजांमध्ये पाणी बांधलेलं असतं. प्लेट खाली जाताना दाब आणि तापमान वाढतं, ती खनिजं बदलतात आणि पाणी सुटून प्लेटच्या वर असलेल्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या थरात शिरतं. तिथला खडक आधीच तापलेला असतो, फक्त कोरडा असल्यामुळे घन राहिलेला. पाणी मिळालं की त्याचं वितळण्याचं तापमान काही शे अंशांनी खाली येतं आणि शिलारस तयार होतो. जपानमध्ये वितळतं ते वरचं प्रावरण. थंड प्लेट मुख्यतः पाणी पुरवते.

बाकीच्या चुका

"महासागर मध्यभागी सर्वांत खोल असतो." अटलांटिकच्या मधोमध पर्वतरांग आहे. तिथे प्लेट दूर जातात, भूकंप उथळच असतात. गर्ता मात्र प्लेट जिथे बुडते तिथे, बहुधा महासागराच्या कडेला.

मोठा भूकंप एका ठिपक्याने दाखवणं. 11 मार्च 2011 चा 9.1 तीव्रतेचा भूकंप यादीत सुमारे 29 किलोमीटर खोल असा एक बिंदू आहे. प्रत्यक्षात 400 किलोमीटरहून लांब पृष्ठभाग सरकला आणि ती फाट थेट गर्तेपर्यंत पोचली. गर्तेजवळचा तळ उचलला गेला म्हणून त्सुनामी एवढी मोठी होती. बिंदू ही फक्त सुरुवातीची जागा.

"प्लेट आदळतात तिथे ज्वालामुखी हवाच, मग हिमालयात का नाही?" प्रश्न चांगला आहे, पण "अपवाद" म्हणून सोडून देऊ नका. आधी इथेही महासागराचा तळ आशियाखाली जात होता आणि ज्वालामुखी होते. लडाखचा ग्रॅनाइट म्हणजे त्यांची मुळं. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा खंडीय भाग येऊन भिडला. तो हलका असल्यामुळे समुद्रतळासारखा खोल बुडत नाही. पाणी पुरवणारी प्लेट संपली, ज्वालामुखी संपले. भूकंप मात्र सुरूच आहेत, 2015 चा नेपाळचा 7.8 चा त्यातलाच.

आणि प्रत्येक भूकंपाला प्लेटची सीमा चिकटवण्याची घाई करू नका. किल्लारीला, 30 सप्टेंबर 1993 ला, हजारभर किलोमीटरच्या आत सीमा नव्हती. हिमालयाकडून येणारा दाब अख्ख्या भारतीय प्लेटमध्ये पसरतो आणि जुन्या कमजोर भेगा कुठेतरी सरकतात. 1967 चा कोयनेचा भूकंप आणखी वेगळा, तिथे जलाशयातल्या पाण्याचाही भाग मानला जातो. अशा ठिकाणी छेद काढला तर तिरका पट्टा मिळत नाही, उथळ ठिपक्यांचा एक छोटा पुंजका मिळतो. तो पुंजका तसाच मांडा आणि शेजारी "प्लेटच्या आतला" असं लिहा.