ड्रेन प्लग आधी की मेन स्विच? गिझरची पुस्तिका तपासताना मी कुठे चुकले

घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिकांचं मराठी मुद्रितशोधन नव्याने करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, एकच शब्द सगळीकडे एकसारखा ठेवणं हे तुम्हाला येतंच, म्हणून त्यात शिरत नाही. मला ज्या चुकीने रात्रभर झोपू दिलं नाही, तीच सांगते.

माझं तिसरं-चौथं काम होतं. पंधरा लिटरच्या साठवणीच्या गिझरची पुस्तिका. इंग्रजी मजकूर डावीकडे, मराठी उजवीकडे, आणि मी एकेक ओळ जुळवत चाललेले. टाकी रिकामी करण्याच्या भागात इंग्रजीत एकच लांब वाक्य होतं. त्याचा अर्थ असा: मेन स्विच बंद केल्यावर, इनलेटचा कॉक बंद केल्यावर आणि गरम पाण्याचा नळ उघडल्यावर ड्रेन प्लग काढा. पण इंग्रजीत ‘ड्रेन प्लग काढा’ हे सुरुवातीला येतं आणि ‘केल्यावर’चा भाग मागून. अनुवादकाने वाचकाच्या सोयीसाठी त्या वाक्याच्या चार पायऱ्या पाडल्या आणि क्रम इंग्रजीचाच ठेवला:

१. ड्रेन प्लग काढा.
२. मेन स्विच बंद करा.
३. इनलेटचा कॉक बंद करा.
४. गरम पाण्याचा नळ उघडा.

चारही ओळींवर मी बरोबरची खूण केली. एकही शब्द चुकीचा नव्हता, शुद्धलेखन निर्दोष होतं, इंग्रजीतली प्रत्येक गोष्ट मराठीत आलेली होती. फक्त ‘नंतर’ हरवला होता. तो कुठल्याच एका ओळीत नव्हता, तो दोन ओळींच्या मधे होता, आणि मी ओळी तपासत होते.

छपाईच्या आधी पुस्तिका एका सर्व्हिसवाल्या दादांच्या हातात पडली म्हणून वाचलो. त्यांनी पहिल्या पायरीवर बोट ठेवून विचारलं, “ताई, गिझर चालू आहे, पाणी तापलेलं आहे, इनलेट उघडा आहे, आणि खालचा प्लग काढायचा? माणूस भाजेल की!” मग त्यांनी समजावलं. त्या क्षणी गरम पाणी दाबाने हातावर येतं. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत गंभीर भाजतं. आणि वीज चालू राहून टाकीतलं पाणी उतरलं, तर एलिमेंट कोरडं तापून जळतं. नळ उघडायचा तो टाकीत हवा जावी म्हणून, नाहीतर पाणी नीट उतरतच नाही. आम्ही शेवटी त्या पायऱ्या अशा लावल्या: मेन स्विच बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडा आणि त्यातून गार पाणी येऊ लागेपर्यंत वाहू द्या. मग इनलेटचा कॉक बंद करा. नळ उघडाच ठेवा. आता खाली बादली ठेवून ड्रेन प्लग हळूहळू काढा.

गार पाणी वाहू देण्याची पायरी मूळ इंग्रजीतही नव्हती. आपण ती स्वतःहून घालायची नाही. समासात शंका लिहून कंपनीला विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. मुद्रितशोधकाने तंत्रज्ञ व्हायला जाऊ नये. पण प्रश्न न विचारणं हा गुन्हा आहे, असं मी स्पष्टच म्हणते.

त्यानंतर मी एक पद्धत धरली. भाषेची एक फेरी झाली की मूळ इंग्रजी बंद करते. मग फक्त मराठी पायऱ्या, एका वेळी एकच, खालचं सगळं कोऱ्या कागदाने झाकून वाचते. प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारते: या क्षणी वीज आहे का? पाण्याला दाब आहे का? तापलेलं आहे का? उत्तर वरच्या पायऱ्यांतून मिळालं पाहिजे. मिळालं नाही, तर क्रम चुकलाय किंवा पायरी गळलीय. एका पानाला पंधरा मिनिटं लागतात. ‘उलटं वाचा, म्हणजे चुका दिसतात’ हा सल्ला मला एका ज्येष्ठांनी दिला होता. वेलांटी-उकारासाठी तो उत्तम आहे, पण पायऱ्यांसाठी घातक, कारण उलट्या वाचनात क्रमच मोडतो. खरं सांगायचं, तर या कामात मला भाषेच्या गुरूंपेक्षा त्या सर्व्हिसवाल्या दादांनी जास्त शिकवलं.

‘प्लग’ या शब्दाकडेही बघा. त्याच पुस्तिकेत पुढे नुसतं ‘प्लग काढा’ होतं. कुठला? भिंतीतला विजेचा की टाकीखालचा? मराठीत दोन्हीला प्लगच म्हणतात. तसंच ‘व्हॉल्व्ह’. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी येतं, कारण तापून पाणी फुगतं. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर गेलं, तर साधारण पाव लिटर वाढतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘पाणी ठिबकत असल्यास घाबरू नका, व्हॉल्व्ह बंद करू नका.’ टाइपसेटिंगमध्ये ‘करू नका’ पुढच्या पानावर गेलं, आणि आधीच्या पानाच्या तळाशी उरलं ‘घाबरू नका, व्हॉल्व्ह बंद’. ते वाचून कुणी ठिबकणारं तोंड बुचाने बंद केलं, तर दाब बाहेर पडायची ती वाटच बंद होते आणि टाकी फुटू शकते. आम्ही लिहिलं: ‘थोडं पाणी ठिबकणं नेहमीचं आहे. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कधीही बंद करू नका.’ आणि टाइपसेटरला सांगितलं की हे दुसरं वाक्य पानावर तुटता कामा नये.

आपल्या मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, आणि मधे आला तर एकट्या ‘न’वर उभा असतो, हे या कामात सतत डोळ्यांसमोर ठेवा. ‘प्लग न काढता झाकण उघडू नका’ या वाक्यातला एकटा ‘न’ प्रूफमध्ये गळला, ‘काढता’चं कुणी ‘काढून’ केलं, की सूचना उलटी होते, आणि वाक्य मात्र व्याकरणाने अगदी शुद्ध राहतं. स्पेलचेकर ते पकडणार नाही. मी अशी दुहेरी नकाराची वाक्यं सरळ करून घेते: ‘आधी विजेचा प्लग काढा, मगच झाकण उघडा.’ ‘आधी… मगच’ ही जोडी मला फार विश्वासाची वाटते. ‘व’ आणि ‘आणि’ने जोडलेल्या दोन क्रियांवर मात्र विश्वास ठेवू नका, त्या एकदम करायच्या की एकामागून एक, ते कळत नाही.

इशाऱ्याची जागा हा एकच मुद्दा आता थोडक्यात. तो त्या पायरीच्या आधी हवा. ‘ड्रेन प्लग काढा. सावधान, पाणी गरम असू शकतं’ असं असेल, तर वाचणाऱ्याचा हात तोवर पाण्याखाली असतो. लोक एक पायरी वाचतात, करतात, मग पुढची वाचतात. धोका, इशारा, सावधान हे शब्दही आपल्या मनाने अदलाबदल करू नका. मूळ मजकुरात त्यांची श्रेणी ठरलेली असते, पहिला सगळ्यात गंभीर, म्हणजे टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असा. वाचायला बरं वाटतं म्हणून दोन ठिकाणी ‘धोका’च्या जागी ‘सावधान’ लिहिलेलं मी पाहिलंय आणि ते परत करून घ्यायला मला भांडावं लागलंय.

पहिल्या दोन-तीन पुस्तिकांत हे सगळं जमणार नाही, माझंही जमलं नव्हतं. वेळ कमी असेल, तर व्याकरणाची एक फेरी कमी करा, पण झाकून वाचायची फेरी सोडू नका. घरात गिझर असेल, तर बाथरूममध्ये उभं राहून कॉक कुठे, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे, खालचा प्लग कुठे ते एकदा बोटाने दाखवून घ्या. मी अजूनही नव्या उपकरणाची पुस्तिका आली की आधी शेजारीपाजारी ते उपकरण कुणाकडे आहे ते विचारते, आणि पायऱ्यांचा कागद घेऊन त्यांच्या घरी जाते.